लेखापरीक्षकाची जागा मध्येच रिकामी होते तेव्हा

कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक भागधारक वार्षिक सर्वसाधारण सभेत करतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३९ नुसार ही नेमणूक एकदा झाली की पाच वर्षे चालते. ज्या सभेत नेमणूक झाली ती पहिली धरून सहावी वार्षिक सभा संपेपर्यंत तोच लेखापरीक्षक पदावर राहतो. मात्र मुदत पूर्ण होण्याआधी त्याने राजीनामा दिला, तो मरण पावला किंवा कायद्याने अपात्र ठरला, तर पद अचानक रिकामे होते. अशा जागेला सीए आणि कंपनी सेक्रेटरी ‘कॅज्युअल व्हेकन्सी’ म्हणतात. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत ती रिकामी ठेवता येत नाही, म्हणून कलम १३९ च्या पोटकलम (८) ने ती भरण्याचे काम संचालक मंडळावर सोपवले आहे आणि त्यासाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली आहे. मंडळ हे काम ठरावाने करते. ठराव जेमतेम एका पानाचा असतो, पण त्यातल्या एखाद्या चुकीच्या वाक्यामुळे वर्षभराच्या हिशेबांवर सही करणाऱ्याच्या अधिकाराबद्दलच शंका निर्माण होऊ शकते.

जागा कशामुळे रिकामी झाली?

मसुदा लिहायला घेण्याआधी या प्रश्नाचे उत्तर हातात हवे, कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते. मृत्यू किंवा अपात्रता हे कारण असेल तर मंडळाचा ठराव पुरेसा असतो. नवा लेखापरीक्षक पुढची वार्षिक सभा संपेपर्यंत काम पाहतो आणि मधल्या काळात भागधारकांची वेगळी संमती लागत नाही. राजीनामा हे कारण असेल तर मात्र मंडळाच्या नियुक्तीला सर्वसाधारण सभेची मान्यताही घ्यावी लागते. ही सभा मंडळाने शिफारस केल्यापासून तीन महिन्यांच्या आत बोलवावी लागते.

हा फरक जुन्या कायद्यापासून आलेला आहे. १९५६ च्या कंपनी कायद्यात इतर कारणांनी रिकामी झालेली जागा मंडळ भरू शकत असे, पण राजीनाम्याने रिकामी झालेली जागा फक्त सर्वसाधारण सभेलाच भरता येत असे. लेखापरीक्षक भागधारकांच्या वतीने व्यवस्थापनाचे हिशेब तपासतो. त्याचा मृत्यू झाला तर त्यात व्यवस्थापनाशी मतभेदाचा प्रश्न येत नाही. राजीनाम्यामागे मात्र तो असू शकतो. एखादी नोंद दाखवण्यावरून, कागदपत्रे मिळण्यावरून किंवा अहवालातल्या एखाद्या शेऱ्यावरून दोघांचे बिनसलेले असू शकते. अशा वेळी व्यवस्थापनाने आपल्या मर्जीचा माणूस परस्पर नेमला तर भागधारकांनी नेमलेल्या तपासनिसाची जागा त्यांना न विचारताच भरली जाईल. २०१३ च्या कायद्याने काम खोळंबू नये म्हणून मंडळाला लगेच नेमणूक करू दिली, पण राजीनाम्याच्या बाबतीत भागधारकांची मान्यता कायम ठेवली.

आणखी काही प्रसंग वेगळे ओळखावे लागतात. लेखापरीक्षक म्हणून फर्म नेमलेली असेल आणि तिच्या अनेक भागीदारांपैकी एक निवर्तला, तर फर्म पदावर कायम असते आणि जागा रिकामी होत नाही. एकट्या मालकाची फर्म असेल तर मात्र त्याच्या मृत्यूने जागा रिकामी होते. नेमणुकीनंतर लेखापरीक्षक अपात्र ठरला, उदाहरणार्थ त्याचा जवळचा नातेवाईक कंपनीत संचालक झाला, तर त्याला पद सोडावे लागते आणि कलम १४१ च्या पोटकलम (४) नुसार ती जागा कॅज्युअल व्हेकन्सी मानली जाते. पाच वर्षांची मुदत संपून लेखापरीक्षक निवृत्त होणे यात मोडत नाही, कारण त्या जागेवर वार्षिक सभाच नेमणूक करते. ज्या सरकारी कंपन्यांचा लेखापरीक्षक भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमतात, तिथे जागा भरण्याचा पहिला हक्क त्यांचाच असतो. त्यांनी ३० दिवसांत ती भरली नाही, तर पुढच्या ३० दिवसांत मंडळाला भरावी लागते. गृहनिर्माण सोसायट्या आणि इतर सहकारी संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात, त्यामुळे हा मसुदा त्यांना लागू पडत नाही.

एक उदाहरण

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक खासगी कंपनी आहे असे समजू. तिचे तीन संचालक आहेत. २०२२ च्या वार्षिक सभेत तिने एका सीए फर्मला पाच वर्षांसाठी नेमले होते. १० जानेवारी २०२५ रोजी फर्मने त्याच दिवसापासून लागू होणारा राजीनामा दिला. २०२४-२५ हे आर्थिक वर्ष अजून चालू आहे आणि त्याचे लेखापरीक्षण व्हायचे आहे.

राजीनामा देणाऱ्या फर्मवरही एक जबाबदारी असते. राजीनाम्याची कारणे आणि त्यासंबंधीचे तपशील देणारे निवेदन तिला ३० दिवसांत, म्हणजे ९ फेब्रुवारीपर्यंत, एडीटी-३ या नमुन्यात कंपनी निबंधकाकडे सादर करावे लागते आणि कंपनीलाही द्यावे लागते. कंपनीने त्याची प्रत मागून घ्यावी, कारण नव्या नेमणुकीचा अर्ज भरताना या अर्जाचा संदर्भ लागतो.

मंडळाच्या हाती तेवढेच ३० दिवस आहेत. सभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे २० जानेवारीला सूचना काढून २८ जानेवारीला सभा घेतली तर मुदत पाळली जाते आणि नव्या फर्मची कागदपत्रे जमवायलाही वेळ मिळतो. तीन संचालकांच्या कंपनीत गणपूर्तीसाठी किमान दोघे हजर असावे लागतात.

ठरावाआधीचे कागद

ठराव मांडला जाण्यापूर्वी नव्या फर्मकडून दोन गोष्टी लेखी मिळालेल्या असाव्या लागतात. एक तिची संमती आणि दुसरे तिचे पात्रता प्रमाणपत्र. प्रमाणपत्रात चार बाबी येतात. फर्म पात्र आहे आणि कंपनी कायदा किंवा सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ खाली अपात्र नाही. प्रस्तावित नेमणूक कायद्यातल्या मुदतीनुसार आहे. ती कायद्याने घातलेल्या मर्यादांत आहे. आणि व्यावसायिक वर्तनाबाबत फर्मविरुद्ध चालू असलेल्या कार्यवाहींची यादी खरी आणि अचूक आहे. या कागदांवरची तारीख २८ जानेवारीची किंवा त्याआधीची हवी. ठरावात ‘प्रमाणपत्र मिळाले आहे’ असे लिहायचे आणि कागदावर ५ फेब्रुवारी ही तारीख असायची, ही विसंगती तपासणीत पहिल्यांदा नजरेत भरते.

लहान कंपन्यांत सर्वांत जास्त घोटाळा पात्रतेच्या बाबतीत होतो. वर्षानुवर्षे कंपनीची वहीखाती लिहिणारा सीए मालकाच्या ओळखीचा आणि विश्वासातला असतो, म्हणून रिकामी जागा त्यालाच द्यावी असे सहज सुचते. पण कलम १४४ नुसार लेखापरीक्षकाला त्याच कंपनीची वहीखाती लिहिण्याचे काम करता येत नाही, आणि कलम १४१ नुसार अशी सेवा देणारी व्यक्ती लेखापरीक्षक होण्यास अपात्र असते. संचालकाचा नातेवाईक असलेला सीए, कंपनीचे शेअर बाळगणारा सीए किंवा कंपनीला पाच लाख रुपयांपेक्षा जास्त देणे लागणारा सीए यांचीही हीच अडचण आहे. प्रमाणपत्र फर्म देते, तरी ते खरे आहे का हे मंडळाने आपल्या माहितीवरून पडताळायला हवे. कुणाचा कुणाशी काय व्यवहार आहे हे संचालकांना माहीत असतेच.

नव्या फर्मलाही एक पथ्य पाळावे लागते. सनदी लेखापाल अधिनियमानुसार, आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवल्याशिवाय त्याच्या जागेवरची नेमणूक स्वीकारणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. या पत्रव्यवहारातून जुन्याने का सोडले हे नव्याला कळते. फी थकली म्हणून सोडले, की हिशेबात काही आक्षेपार्ह आढळले म्हणून, हे त्याला काम स्वीकारण्याआधी समजणे आवश्यक असते.

ठरावाचा मसुदा

उदाहरणातल्या कंपनीचा ठराव मराठीत असा लिहिता येईल. मोकळ्या जागी फर्मचे नाव आणि नोंदणी क्रमांक भरायचे आहेत.

‘कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षक मे. ……… यांनी १० जानेवारी २०२५ च्या पत्राद्वारे त्याच दिवसापासून दिलेल्या राजीनाम्याची आणि त्यात नमूद केलेल्या कारणांची मंडळाने नोंद घेतली.

‘असा ठराव करण्यात येतो की, कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३९(८), लागू असलेल्या इतर तरतुदी आणि कंपन्या (लेखापरीक्षण व लेखापरीक्षक) नियम, २०१४ यांनुसार, मे. ………, सनदी लेखापाल, फर्म नोंदणी क्रमांक ………, यांची लेखी संमती व पात्रता प्रमाणपत्र मंडळासमोर ठेवण्यात आले असून, राजीनाम्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांची कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षक म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. ही नियुक्ती कंपनीच्या सर्वसाधारण सभेच्या मान्यतेच्या अधीन असेल, आणि ते पुढील वार्षिक सर्वसाधारण सभा संपेपर्यंत पदावर राहून ३१ मार्च २०२५ रोजी संपणाऱ्या आर्थिक वर्षाच्या हिशेबांचे लेखापरीक्षण करतील.

‘असाही ठराव करण्यात येतो की, वरील नियुक्तीस आणि २,५०,००० रुपये अधिक लागू कर व प्रत्यक्ष खर्च इतक्या मानधनास मान्यता द्यावी अशी शिफारस सदस्यांना करण्यात येत आहे, आणि त्यासाठी सोमवार, ३ मार्च २०२५ रोजी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात येत आहे. मंडळासमोर ठेवलेला सभेच्या सूचनेचा व स्पष्टीकरणात्मक निवेदनाचा मसुदा मान्य करण्यात येत आहे.

‘असाही ठराव करण्यात येतो की, सभेची सूचना पाठवणे, नव्या लेखापरीक्षकांना नियुक्तीचे पत्र देणे, कंपनी निबंधकाकडे आवश्यक अर्ज दाखल करणे आणि या ठरावाच्या प्रमाणित प्रती देणे यासाठी कंपनीच्या कोणत्याही एका संचालकास अधिकार देण्यात येत आहेत.’

प्रत्येक परिच्छेदाचे काम

पहिल्या परिच्छेदात राजीनामा ‘स्वीकारला’ असे न लिहिता त्याची ‘नोंद घेतली’ असे लिहिले आहे. लेखापरीक्षकाच्या राजीनाम्याला कंपनीच्या परवानगीची गरज नसते. परवानगी लागते असे भासवणारी भाषा वापरली की जागा नेमकी कधी रिकामी झाली, पत्राच्या दिवशी की मंडळाने स्वीकारल्याच्या दिवशी, असा वाद उभा राहतो. ३० दिवसांची मुदत याच तारखेपासून मोजायची असल्याने ती तारीख आणि राजीनाम्याचे पत्र ठरावातच स्पष्ट नोंदवायला हवे. इथे मृत्यू किंवा अपात्रता हे कारण असते, तर या परिच्छेदात ते लिहून पुढचा सभेचा भाग गाळावा लागला असता.

दुसऱ्या परिच्छेदात सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. नेमणूक व्यक्तीची असेल तर व्यक्तीचे नाव आणि फर्मची असेल तर फर्मचे नाव लिहावे. अहवालावर कोणता भागीदार सही करणार, याचा नेमणुकीशी संबंध नाही. ‘पुढील वार्षिक सर्वसाधारण सभा संपेपर्यंत’ ही मुदत कायद्याने ठरवलेली आहे. तिच्या जागी ‘पाच वर्षांसाठी’ असे लिहिणे ही या ठरावातली नेहमी दिसणारी चूक. ती बहुधा आधीच्या नेमणुकीचा ठराव जसाच्या तसा उतरवल्याने होते. पाच वर्षांची नेमणूक करण्याचा अधिकार मंडळाला नाही, आणि रिकाम्या जागेवर आलेल्याला जुन्या फर्मची उरलेली मुदतही मिळत नाही. कलमाचा उल्लेखही नेमका हवा. कलम १३९(१) वार्षिक सभेतल्या नेमणुकीचे आहे आणि १३९(६) कंपनीच्या पहिल्या लेखापरीक्षकाचे, त्यामुळे इथे १३९(८) च लागते.

तिसरा परिच्छेद नेमणूक आणि भागधारकांची मान्यता यांना जोडतो. मानधन ठरवण्याचा अधिकार कलम १४२ नुसार सर्वसाधारण सभेला, किंवा ती ठरवेल त्या पद्धतीला आहे. म्हणून मंडळ इथे आकडा ठरवून टाकत नाही, त्याची शिफारस करते. सभेचा दिवस याच ठरावात लिहिल्याने तीन महिन्यांची मुदत विसरली जात नाही. २८ जानेवारीच्या शिफारशीनंतर ही मुदत एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात संपते, पण आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपत असल्याने सभा आधीच उरकणे सोयीचे असते.

चौथा परिच्छेद कामे वाटून देतो. अधिकार कुणाला दिला हे नोंदलेले नसेल तर अर्जावर कोणी सही करायची, यावर काम अडते.

ठरावानंतर

सर्वसाधारण सभेची सूचना किमान २१ पूर्ण दिवस आधी जावी लागते. यात सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरत नाहीत. ७ फेब्रुवारीला ई-मेलने सूचना पाठवली आणि ३ मार्चला सभा घेतली, तर मध्ये २३ दिवस मिळतात. बहुतेक कुटुंबाच्या कंपन्यांत भागधारक मोजकेच असतात, आणि ९५ टक्के मतांची संमती असल्यास याहून कमी मुदतीची सूचनाही चालते. सभेत साधा ठराव पुरतो, म्हणजे विरोधी मतांपेक्षा बाजूची मते जास्त असली की तो संमत होतो. सूचनेसोबतच्या निवेदनात जुन्या फर्मच्या राजीनाम्याची कारणे, नव्या फर्मची माहिती आणि मानधन लिहावे. कशाला मान्यता द्यायची आहे हे भागधारकांना त्यावरूनच समजते.

सभेत मान्यता मिळाल्यावर कंपनीने एडीटी-१ हा अर्ज सभेपासून १५ दिवसांत, म्हणजे १८ मार्चपर्यंत, निबंधकाकडे दाखल करायचा. अर्जात ही नेमणूक कॅज्युअल व्हेकन्सीवरची असल्याचे नमूद करावे लागते. सोबत ठरावाची प्रमाणित प्रत, फर्मची संमती व प्रमाणपत्र आणि नियुक्तीचे पत्र जोडतात. उशीर झाला तर अतिरिक्त फी लागते आणि उशिराच्या दिवसांबरोबर ती मूळ फीच्या बारा पटींपर्यंत चढते. लेखापरीक्षकाविषयीच्या तरतुदी मोडल्यास कलम १४७ खाली कंपनीला २५ हजार ते पाच लाख रुपये आणि जबाबदार अधिकाऱ्याला १० हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

मंडळाच्या सभेचे इतिवृत्त ३० दिवसांत नोंदवायचे असते. ठरावाची भाषा, इतिवृत्तातली भाषा आणि अर्जात भरलेल्या तारखा एकमेकांशी तंतोतंत जुळायला हव्यात.

सूचिबद्ध कंपन्यांची गोष्ट

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांवर याखेरीज सेबीचे नियम लागू होतात. तिथे लेखापरीक्षण समितीची शिफारस मंडळापुढे आधी यावी लागते आणि ठरावात तिचा उल्लेख हवा. राजीनाम्याची कारणे मिळाल्यापासून २४ तासांत शेअर बाजारांना कळवावी लागतात. सेबीच्या १८ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकानुसार लेखापरीक्षकाला वाटेल तेव्हा निघून जाता येत नाही. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत त्याने राजीनामा दिला तर त्या तिमाहीचा अहवाल त्याला द्यावा लागतो. ४५ दिवसांनंतर दिला तर पुढच्या तिमाहीचाही द्यावा लागतो. वर्षातल्या पहिल्या तीन तिमाहींवर त्याने सही केली असेल तर चौथ्या तिमाहीचा आणि पूर्ण वर्षाचा अहवाल दिल्यावरच त्याला मोकळे होता येते. म्हणून सूचिबद्ध कंपनीच्या ठरावात जुन्याचे काम कुठे संपते आणि नव्याचे कुठून सुरू होते, हे तिमाहीच्या उल्लेखासह लिहावे लागते.

मान्यतेशिवाय काय होते

उदाहरणातल्या कंपनीने मंडळाचा ठराव केला, पण सर्वसाधारण सभा घेतलीच नाही असे समजू. नव्या फर्मने जूनमध्ये हिशेब तपासून अहवालावर सही केली आणि तो अहवाल बँकेत कर्जासाठी दिला. बँकेच्या वकिलाने नेमणुकीची कागदपत्रे मागवली की राजीनाम्यामुळे रिकामी झालेली जागा भागधारकांच्या मान्यतेशिवाय भरली गेल्याचे लगेच दिसते. हिशेब बरोबर असले तरी त्यावर सही करणाऱ्याच्या नेमणुकीवर आक्षेप येतो. मागील तारखेच्या सभेचे इतिवृत्त लिहून हा दोष झाकता येत नाही, कारण सूचना पाठवल्याचे पुरावे, निबंधकाकडच्या अर्जांच्या तारखा आणि ई-मेल एकमेकांशी जुळत नाहीत.

मान्यता वेळेत घेतली, तर नवी फर्म २०२५ ची वार्षिक सभा संपेपर्यंत काम करते. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या या कंपनीची ती सभा ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत व्हायला हवी. त्या सभेत भागधारकांना हीच फर्म पुढे ठेवायची असेल, तर तिची २०३० ची वार्षिक सभा संपेपर्यंत, म्हणजे पाच वर्षांसाठी, नेमणूक करता येते. ही नेमणूक नव्याने होते. तिच्यासाठी संमती आणि प्रमाणपत्र पुन्हा घ्यावे लागते, ठराव वार्षिक सभेच्या सूचनेत घालावा लागतो आणि एडीटी-१ पुन्हा दाखल करावा लागतो. जानेवारीत रिकाम्या झालेल्या जागेसाठी केलेला मंडळाचा ठराव त्या वार्षिक सभेपर्यंतच लागू असतो.